धागा: उष्माधारकता आणि संपीड्यता धनच का असावी लागते? दुसरा नियम नेमका कुठे येतो?

ओजस१९

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकात स्थैर्याच्या अटी दोन ओळींत उरकल्या आहेत: एन्ट्रॉपी कमाल असते, म्हणून द्वितीय अवकलज ऋण, म्हणून C_V > 0 आणि κ_T > 0. गणित जुळतं. पण दुसरा नियम एवढंच म्हणतो ना, की विलग प्रणालीची एन्ट्रॉपी आपणहून घटत नाही? मग तो एखाद्या पदार्थाच्या गुणधर्माचं चिन्ह कसं काय ठरवतो? आणि C ऋण असती तर प्रत्यक्षात काय घडलं असतं? अट C_P ची न घालता C_V चीच का घालतात, हेही कळलं नाही.

शार्दूल

एवढं अवघड नाही हे. उष्णता गरमकडून थंडाकडे जाते, हाच दुसरा नियम. उष्णता दिली की तापमान वाढतं, म्हणून C धन. दाबलं की आकारमान घटतं, म्हणून κ धन. तापवलं की प्रसरण होतं, म्हणून α धन. तिन्ही अटी एकाच नियमातून निघतात.

मृण्मयी_द

शार्दूल, तिसरी अट तुमच्या यादीतून काढावी लागेल. ० ते ४ अंशांमधलं पाणी तापवलं की आकसतं. तिथे α ऋण आहे, तरी ते पाणी पूर्ण स्थिर असतं आणि दुसऱ्या नियमाला त्याचं काही वावडं नाही. α च्या चिन्हावर बंधनच नाही.

पहिल्या दोन अटी बरोबर आहेत, पण "उष्णता दिली की तापमान वाढतं" हेच तर सिद्ध करायचं आहे. तेच गृहीत धरून चालणार नाही.

ओजस, पदार्थाचा गुणधर्म यात कसा शिरतो ते सांगते. दुसरा नियम एका पदार्थाबद्दल बोलत नाही हे तुझं म्हणणं खरं आहे. पण कुठलाही एकसंध पदार्थ मनातल्या मनात दोन अर्ध्यांत वाटता येतो, आणि ते दोन अर्धे एकमेकांशी सतत ऊर्जेची देवाणघेवाण करत असतात. ती देवाणघेवाण कोणी थांबवू शकत नाही. तेव्हा प्रश्न असा होतो: डावीकडून उजवीकडे थोडी ऊर्जा q आपोआप सरकली, तर एकूण एन्ट्रॉपी वाढते की घटते?

आकडे घेऊ. पेटी बाहेरून विलग. प्रत्येक अर्ध्यात १ मोल आर्गॉन, C_V = १२.४७ जूल प्रति केल्विन, तापमान ३०० केल्विन. १० जूल इकडून तिकडे गेले. पहिल्या घाताचं पद q/T − q/T, म्हणजे शून्य, कारण दोन्हीकडे तापमान सारखं आहे. सगळा निर्णय दुसऱ्या घाताच्या पदावर येतो:

```
ΔS = C ln(1 + q/CT) + C ln(1 − q/CT) ≈ −q²/(C T²)
   = −100 / (12.47 × 90000) ≈ −8.9 × 10⁻⁵ J/K
```

एन्ट्रॉपी घटली. म्हणजे हा फरक आपणहून टिकणार नाही, उष्णता परत फिरेल. आकडा बारीक दिसतो, पण त्याला बोल्टझमन स्थिरांकाने भागलं की ६ × १०¹⁸ येतात आणि तो घातांकात बसतो. १० जूलचा चढउतार कधीच दिसत नाही तो यामुळे. प्रत्यक्षातले चढउतार काही नॅनोजूलचे असतात.

आता याच सूत्रात C ऋण घाल. ΔS धन होतो, आणि तोही कितीही लहान q साठी. ज्या अर्ध्याने चुकून नॅनोजूलभर ऊर्जा दिली तो देऊन आणखी गरम होतो, गरम झाला म्हणून आणखी देतो. दुसरा घेऊन थंड होतो आणि आणखी घेत राहतो. प्रत्येक पावलाला एन्ट्रॉपी वाढते, त्यामुळे दुसरा नियम हे थांबवत नाही, उलट पुढे ढकलतो. एकसारख्या तापमानाचा असा पदार्थ क्षणभरही तसा राहणार नाही.

म्हणून नियम "C ऋण असूच शकत नाही" असं सरळ म्हणत नाही. तो म्हणतो की ऋण C असलेली एकसंध अवस्था टिकत नाही, आणि जी टिकत नाही ती आपल्याला मोजायला मिळत नाही.

बॉयलरकाका

ताई, मांडणी पटली, पण एक हरकत आहे. वाफेच्या कामात ऋण विशिष्ट उष्मा हे नेहमीचं प्रकरण आहे. संपृक्त वाफ संपृक्तच ठेवून तिचं तापमान वाढवायचं असेल तर तिच्यातून उष्णता काढावी लागते. १०० अंशांजवळ हा आकडा ग्रॅममागे सुमारे −४.५ जूल प्रति केल्विन येतो. क्लॉसियस आणि रँकिन यांनी १८५० च्या सुमारासच हे दाखवलं होतं. मग वाफ अस्थिर म्हणायची का? ती तर पाइपातून व्यवस्थित वाहते.

मृण्मयी_द

काका, आकडा बरोबर आहे. ओजसने "C_V च का" विचारलं होतं त्याचं उत्तरही याच उदाहरणात आहे.

वाफतक्ता काढून १०० वरून ११० अंशांना जा. संपृक्ततेच्या रेषेवर राहायचं तर दाब १.०१ वरून १.४३ बारला न्यावा लागतो आणि किलोमागचं आकारमान १.६७ वरून १.२१ घनमीटरवर येतं. एवढं दाबायला किलोमागे साधारण ५६ किलोजूल काम लागतं. आंतरिक ऊर्जा मात्र १२ किलोजूलच वाढते. उरलेले ४४-४५ बाहेर काढले नाहीत तर वाफ अतितप्त होऊन रेषेवरून सुटते. दहा अंशांना ४५, म्हणजे तुमचे ४.५.

तापमान वाढलं ते आपण केलेल्या कामामुळे. उष्णता काढल्यामुळे ते वाढलेलं नाही. काम आणि उष्णता एकत्र असतील तर वाट निवडून त्या वाटेवरची उष्माधारकता हवी ती आणता येते, ऋण, शून्य किंवा अनंतसुद्धा. स्थैर्याची अट या कुठल्याही वाटेबद्दल नाही. माझ्या दोन अर्ध्यांमध्ये भिंत पक्की होती, काम शून्य होतं, फक्त उष्णता इकडची तिकडे जात होती. म्हणून तिथे C_V आली. त्याच वाफेची C_V मोजा, ती धनच येईल.

C_P ची वेगळी अट लागत नाही. C_P − C_V = TVα²/κ_T असतं आणि α चा वर्ग येत असल्याने त्याचं चिन्ह उरत नाही. C_V आणि κ_T धन असले की C_P आपोआप C_V पेक्षा मोठी किंवा तिच्याइतकी होते.

बॉयलरकाका

पटलं. ५६ मधून १२ वजा करून कधी पाहिलं नव्हतं, थेट तक्त्यातला आकडा घ्यायची सवय.

ओजस१९

C_V चं कळलं. κ_T ला मात्र अडखळतोय. तिथे तापमान स्थिर ठेवायचं, म्हणजे बाहेरच्या उष्णतासाठ्याशी संपर्क आला. प्रणाली विलग राहिलीच नाही. मग एन्ट्रॉपी कमाल कशाची?

मृण्मयी_द

प्रणाली आणि साठा मिळून जे होतं ते विलग असतं. कमाल करायची ती त्या दोघांची एकूण एन्ट्रॉपी. साठ्याचं तापमान T कायम असेल तर एकूण एन्ट्रॉपीतला बदल −ΔF/T इतका येतो, F म्हणजे प्रणालीची हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जा. "F किमान" हा वेगळा नियम नाही. साठ्याचा हिशोब आत घेऊन लिहिलेला तो दुसरा नियमच आहे.

पुन्हा दोन अर्धे घे, पण या वेळी मधे सरकता दट्ट्या. कार्बन डायऑक्साइडला व्हॅन डर वाल्सचं समीकरण लावू: a = ०.३६४ पास्कल·मी⁶/मोल², b = ४२.७ घनसेंमी/मोल. क्रांतिक तापमान ३०४ केल्विन येतं, खऱ्याच्या अगदी जवळ. आपण २८० केल्विनला बसू. एका अर्ध्याचं आकारमान १० घनसेंमीने वाढलं आणि दुसऱ्याचं तेवढंच घटलं, तर काय होतं?

आधी विरळ वायू, दोन्हीकडे मोलमागे ५०० घनसेंमी, दाब ३६.३ बार. फुगलेल्या अर्ध्यात (५१०) दाब ३५.८ होतो, आकसलेल्यात (४९०) ३६.९. आकसलेला जास्त जोर लावतो आणि दट्ट्या मागे येतो. F सुमारे ०.५ जूलने वाढली होती, म्हणजे एकूण एन्ट्रॉपी घटली होती.

आता दोन्हीकडे मोलमागे १३० घनसेंमी. समीकरण दाब ५१.२ बार देतं. दट्ट्या १० ने सरकव. फुगलेल्या अर्ध्यात (१४०) दाब ५३.५, आकसलेल्यात (१२०) ४८.३. उलटं झालं! फुगलेलाच जास्त जोर लावतोय, तो आणखी फुगणार. F सुमारे २.६ जूलने घटली, एकूण एन्ट्रॉपी जवळपास ०.००९ जूल प्रति केल्विन वाढली. दुसऱ्या नियमाने परवानगी दिली आणि दट्ट्या निघाला. तो थांबतो तेव्हा एकीकडे दाट द्रव असतो आणि दुसरीकडे विरळ बाष्प.

खऱ्या नळकांड्यात दट्ट्या नसतो. तिथे हेच पदार्थाच्या प्रत्येक बारीक तुकड्यात एकाच वेळी सुरू होतं आणि सगळं एकदम गढूळ होतं. २८० केल्विनला या समीकरणात हा पट्टा मोलमागे साधारण ९५ ते १८५ घनसेंमी एवढा आहे. त्यात आकारमान वाढवलं की दाब ४१.५ पासून ५७ बारपर्यंत चढत जातो. दोन्ही टोकांना κ_T अनंत होते.

रसायन_रवी

मी प्रक्रिया-सिम्युलेशनवर काम करतो, तिथे हा मुद्दा रोज लागतो. घन समीकरणाला तीन वास्तव मुळे येतात आणि सॉल्व्हर कधीकधी मधल्या मुळावर जाऊन बसतो. सुरुवातीचा अंदाज वाईट दिला की हमखास. मग घनता ना द्रवाची ना वायूची, आणि पुढच्या प्रत्येक यंत्राचा हिशोब बिघडतो. मुळाची तपासणी अशी:

```python
import numpy as np
R, T, P = 8.314, 280.0, 50e5
a, b = 0.364, 4.267e-5
V = np.roots([1, -(b + R*T/P), a/P, -a*b/P])
V = V[abs(V.imag) < 1e-9].real
for v in sorted(V):
    dPdV = -R*T/(v-b)**2 + 2*a/v**3
    G = -R*T*np.log(v-b) - a/v + P*v
    print(round(v*1e6, 1), dPdV < 0, round(G))
```

५० बारला मुळे ८२.३, १२५.७ आणि ३००.२ घनसेंमी येतात. मधल्याला `False` छापून येतं. तीन वास्तव मुळे असतील तेव्हा मधलं नेहमीच ऋण κ चं असतं, ते न बघता टाकायचं. सुरुवातीचा अंदाज द्रवासाठी b च्या जरा वर आणि वायूसाठी RT/P दिला तर सॉल्व्हर सहसा मधल्यावर जात नाही.

शार्दूल

म्हणजे `True` आलं की अवस्था स्थिर. मग इथे ८२.३ आणि ३००.२ दोन्ही स्थिर? एकाच दाबाला, एकाच तापमानाला?

रसायन_रवी

नाही, म्हणूनच G चा स्तंभ छापला आहे. एकट्या G च्या आकड्याला अर्थ नाही, फरक पाहायचा. ३००.२ चा G ८२.३ पेक्षा मोलमागे सुमारे ५७ जूलने कमी आहे. म्हणजे या समीकरणाच्या मते इथे वायू स्थिर आहे आणि द्रव अर्धस्थिर.

मृण्मयी_द

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, जरा थांबून बघू. κ > 0 ही अट शेजारच्या, किंचित वेगळ्या अवस्थांशीच तुलना करते. दूरवर आणखी खोल दरी आहे का, हे तिला दिसत नाही. ८२.३ चा द्रव छोट्या धक्क्यातून सावरतो, पण त्यात पुरेसा मोठा बुडबुडा तयार झाला तर तो उकळून जाईल. अतितप्त द्रव आणि अतिशीतित बाष्प याच पट्ट्यातले. तिथे थांबता येतं, किती वेळ ते बुडबुडा किंवा थेंब बनायला किती अडथळा आहे यावर अवलंबून. κ ऋण असलेल्या पट्ट्यात मात्र अडथळाच नसतो, त्यामुळे वाट बघण्याचा प्रश्न येत नाही.

रवी, एक सावधगिरी इथे नोंदवून ठेवू, नाहीतर कोणी हा कोड तसाच उचलेल. व्हॅन डर वाल्सप्रमाणे २८० केल्विनला संपृक्त दाब ५३ बारच्या आसपास येतो. खऱ्या कार्बन डायऑक्साइडचा तो ४१.६ बार आहे. तेव्हा ५० बारला खरा पदार्थ द्रव असतो, आणि आपलं समीकरण त्याला वायू ठरवतंय. दोन्ही तपासण्या उत्तीर्ण होऊनही उत्तर चुकलं. या तपासण्या समीकरणाची अंतर्गत सुसंगती बघतात, ते समीकरण त्या पदार्थाला लागू पडतं की नाही ते बघत नाहीत.

रसायन_रवी

मान्य. प्रत्यक्ष कामात आम्ही पेंग-रॉबिन्सन वापरतो, त्यात संपृक्त दाब बराच जवळ येतो. मुळांची तपासणी तीच, फक्त dPdV आणि G ची सूत्रं बदलतात.

ओजस१९

एक शंका. त्या ९५ ते १८५ च्या पट्ट्यात C_V चं काय? व्हॅन डर वाल्स वायूची C_V आकारमानावर अवलंबून नसते, आदर्श वायूइतकीच राहते. मग एक अट पाळली जाते आणि एक मोडते, असं चालतं?

मृण्मयी_द

चालतं. एक जरी मोडली तरी अवस्था टिकत नाही. आणि इथे एक गंमतीची गोष्ट आहे, मला ती फार आवडते. दाबण्याची क्रिया इतकी झटपट केली की उष्णता हलायला वेळच मिळाला नाही, तर κ_T च्या जागी κ_S येते. १३० घनसेंमीला तिचा हिशोब केला तर:

```
−(∂P/∂V)_S = −(∂P/∂V)_T + T (∂P/∂T)_V² / C_V
           ≈ −2.6×10¹⁰ + 9.0×10¹⁰ = +6.4×10¹⁰ Pa·mol/m³
```

C_V इथे २८.३ घेतली आहे. उत्तर धन आलं! म्हणजे या पट्ट्यातही वेगाने दिलेला धक्का ध्वनिलहरीसारखा पुढे जाईल. ज्या विस्कळिततेत उष्णतेला शेजारच्या भागात जायला सवड मिळते तीच वाढत राहते. फुगलेला भाग थंड होतो म्हणून त्याचा दाब पडतो, आणि शेजारून उष्णता आत आली की दाब पुन्हा वर चढतो. विघटनाचा वेग म्हणूनच उष्णता किती झटकन हलते त्यावर ठरतो. नुसती κ_S तपासली तर ही अस्थिरता नजरेतून सुटते.

ध्रुवतारा

धाग्याला थोडं आकाशाकडे वळवतो. ताऱ्यांची उष्माधारकता ऋण असते. गुरुत्वाने बांधलेल्या वायूची एकूण ऊर्जा E = −K, K म्हणजे कणांची गतिज ऊर्जा. ऊर्जा बाहेर गेली की E आणखी ऋण होते, K वाढते, तारा आकसून तापतो. आणि तारे अब्जावधी वर्षं टिकतात. मग वरचा दोन अर्ध्यांचा युक्तिवाद कुठे फसला?

मृण्मयी_द

पहिल्याच पायरीवर. मी पेटी मधून वाटली आणि दोन्ही अर्ध्यांच्या ऊर्जांची बेरीज केली. कणांमधलं आकर्षण जवळपुरतं असेल तर सीमेवरची ऊर्जा नगण्य असते आणि ही बेरीज चालते. गुरुत्व लांबवर पोचतं. ताऱ्याचे दोन अर्धे एकमेकांना सर्वत्र ओढतात, त्यांची ऊर्जा वेगळी काढताच येत नाही. अर्धे पाडता आले नाहीत, तर अर्ध्यांमधली पळापळही सिद्ध होत नाही.

पण अख्खा तारा दुसऱ्या वस्तूशी जोडला तर दुसरा नियम पुन्हा लागू होतो. सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंसाठी:

```
ΔS ≈ −(q²/2T²) (1/C₁ + 1/C₂)
```

C₁ = −१० घ्या, कुठल्याही एककात. शेजारची वस्तू लहान असेल, C₂ = ३, तर कंसात −०.१ + ०.३३ म्हणजे धन, ΔS ऋण, जोडी स्थिर. शेजारची मोठी असेल, C₂ = २०, तर −०.१ + ०.०५ म्हणजे ऋण, ΔS धन, पळापळ सुरू. ऋण C ची वस्तू एकटी किंवा लहान शेजाऱ्याबरोबर राहू शकते. मोठ्या उष्णतासाठ्याबरोबर तिचा समतोल टिकत नाही.

शार्दूल

मग २००१ सालचा तो १४७ सोडियम अणूंच्या पुंजक्याचा प्रयोग? वितळण्याजवळ त्याची उष्माधारकता ऋण आली असं प्रसिद्ध झालं होतं. तिथे गुरुत्व कुठे आहे?

मृण्मयी_द

तिथे गुरुत्व नाही, पण १४७ अणूंमध्ये घन आणि द्रव यांच्यातली सीमा म्हणजे जवळजवळ अख्खा पुंजकाच. सीमेची ऊर्जा नगण्य नाही, म्हणून बेरीज इथेही मोडते. शिवाय तो पुंजका विलग होता, साठ्याला चिकटलेला नव्हता.

ध्रुवतारा

युक्तिवाद ठीक, पण मला एक खुपतं. एवढ्या लहान विलग पुंजक्याचं "तापमान" मुळात कोणतं धरायचं? एन्ट्रॉपीची व्याख्या किंचित बदलली, पृष्ठभागावरच्या अवस्था मोजल्या की आतल्या सगळ्या मोजल्या, तर १४७ अणूंसाठी ऋण भागाची खोली आणि रुंदी बदलेल. मग ऋण C हा पुंजक्याचा गुण म्हणायचा की व्याख्येचा?

मृण्मयी_द

दोन व्याख्यांमधला फरक साधारण १/N च्या पटीत असतो, म्हणजे इथे एक टक्क्याच्या आतबाहेर. ऋण भाग त्याहून ठळक असेल तर चिन्ह टिकावं, असं माझं मत. पण मूळ वक्रावर त्रुटीपट्टे मांडून तपासल्याशिवाय ठाम बोलणार नाही.

ओजस१९

E विरुद्ध T चा तो वक्र वाचून काढून दोन्ही व्याख्यांनी C काढून बघतो. आकडे आले की इथेच टाकतो.